सेफ्टी शूजचं लिस्टिंग: बुटावर छापलंय तेवढंच, पण तेवढं सगळं लिहा

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, जालना, नांदेड, लातूर, कुठल्याही एमआयडीसीत सेफ्टी मटेरियलचा धंदा सुरू केला की पहिली मागणी बहुतेक बुटांचीच येते. हेल्मेट, हातमोजे, गॉगल नंतर. आणि नवीन माणूस बुटाचं लिस्टिंग कसं लिहितो? कंपनीच्या कॅटलॉगमधला मजकूर उचलतो, दुसऱ्या विक्रेत्याची दोन वाक्यं जोडतो, वर ‘ऑइल प्रूफ, शॉक प्रूफ, आयएसआय’ एवढं टाकतो आणि फोटो लावतो. माल जातोही. पण फॅक्टरीचा परचेसवाला तो मजकूर तसाच पीओमध्ये उतरवतो, सेफ्टी ऑफिसर माल आल्यावर बूट उलटून बघतो, आणि लिहिलेलं बुटावर सापडलं नाही की अख्खी लॉट गेटवरून परत येते. त्याहून वाईट म्हणजे कुणी काहीच बघत नाही आणि तो बूट जिथं चालणार नाही अशा जागी कामगाराच्या पायात जातो.

म्हणून हा लेख एकाच बुटाभोवती ठेवतो. बूट अगदी नेहमीचा घेऊ: काळा, लो अँकल, बार्टन प्रिंट लेदरचा, स्टील टो, डबल डेन्सिटी पीयू सोल, साइज ५ ते ११. मराठवाड्यातल्या कारखान्यांत असाच बूट सगळ्यात जास्त दिसतो. त्याचं लिस्टिंग पहिल्यापासून शेवटपर्यंत कसं बांधायचं ते बघू.

आधी कॅटलॉग बाजूला, बूट हातात

कार्टनमधला एक बूट काढा, लेस सैल करा आणि जीभ बाहेर ओढा. जिभेच्या आतल्या बाजूला किंवा घोट्याजवळच्या अस्तरावर शिवलेलं किंवा छापलेलं लेबल असतं. त्यावर साइज, उत्पादकाचं नाव किंवा खूण, आर्टिकल नंबर, उत्पादनाचं वर्ष आणि महिना किंवा तिमाही, मानकाचा नंबर आणि त्याला जोडून काही इंग्रजी अक्षरं असायला हवीत. आयएसआय मार्क असेल तर त्याच्या वर आयएस नंबर आणि खाली CM/L ने सुरू होणारा लायसन्स नंबर असतो.

या लेबलचा सरळ, उजेडात, अक्षरं वाचता येतील असा फोटो काढा. हा फोटो लिस्टिंगमध्ये लावायचाच आहे. बुटाच्या चकचकीत फोटोपेक्षा सेफ्टी ऑफिसर हाच फोटो मोठा करून बघतो. मग सोल उलटा करा. सोलवर कधी कधी काही अक्षरं साच्यातच उठवलेली असतात. ती लेबलशी जुळतात का बघा, कारण एकच साचा वेगवेगळ्या आर्टिकलला वापरला जातो आणि सोलवर उठलेली खूण म्हणजे त्या आर्टिकलची झालेली चाचणी नव्हे. लेबल आणि सोल वेगवेगळं बोलत असतील तर लेबल खरं धरायचं आणि उत्पादकाला विचारायचं.

आपल्या उदाहरणातल्या बुटाच्या लेबलवर असं आहे असं धरू: आयएस १५२९८ भाग २, पुढं S1 आणि SRA. सगळं लिस्टिंग एवढ्यातून निघणार आहे.

भाग २ म्हणजे काय, आणि भाग ३, ४ का नको

आयएस १५२९८ हे संरक्षक पादत्राणांचं भारतीय मानक आहे आणि ते भागांत आहे. भाग १ मध्ये चाचण्या कशा घ्यायच्या ते दिलंय. भाग २ सेफ्टी फूटवेअरचा, भाग ३ प्रोटेक्टिव्ह फूटवेअरचा, भाग ४ ऑक्युपेशनल फूटवेअरचा. नावं वाचून तिन्ही सारखीच वाटतात, पण फरक बोटांवर येतो. भाग २ मधली टो कॅप २०० जूलचा आघात आणि १५ किलोन्यूटनचा दाब सोसते. भाग ३ मधली १०० जूल आणि १० किलोन्यूटन. भाग ४ मध्ये टो कॅपची अटच नाही.

त्यामुळं ‘आयएस १५२९८ चा बूट’ एवढंच लिहिणं अर्धवट आहे. भाग लिहिलाच पाहिजे. चौकशीत नुसतं ‘१५२९८ द्या’ असं आलं तरी कोटेशनमध्ये भाग लिहूनच उत्तर द्या, म्हणजे समोरच्याला काय मिळणार ते कळतं. भाग नंबरनंतर वर्ष असतं, तेही बुटावर आहे तसंच उतरवा. स्वतःच्या मनानं नवीन वर्ष टाकू नका. मानकाची नवी आवृत्ती आली म्हणून जुन्या आवृत्तीनुसार तपासलेला बूट आपोआप नवा होत नाही.

टो कॅप

‘२०० जूल’ हा आकडा सगळे लिहितात, पण ग्राहकानं विचारलं तर सांगता आलं पाहिजे. प्रयोगशाळेत साधारण २० किलोचं पाचरीसारखं वजन जवळपास एक मीटर उंचीवरून टो कॅपवर सोडतात. कॅप वाकते. वाकल्यावर तिच्या खाली बोटांना किती जागा उरली ते मोजतात. युरोपियन ४२ साइजच्या बुटात किमान १४ मिलिमीटर उरली पाहिजे. साइज लहान असेल तर थोडी कमी चालते, मोठी असेल तर थोडी जास्त लागते. म्हणजे चाचणी कॅप फुटली की नाही याची नाही, बोटांना जागा राहिली की नाही याची आहे. १५ किलोन्यूटन म्हणजे ढोबळमानानं दीड टनाचा दाब, तो हळूहळू देतात.

एकदा असा जोराचा मार खाल्लेला बूट पुन्हा वापरायचा नसतो, वरचं लेदर कितीही धड दिसलं तरी. आत कॅप वाकलेली असते आणि पुढच्या वेळी ती जागा देऊ शकत नाही. हे वाक्य लिस्टिंगमध्ये टाका. उत्पादक क्वचितच टाकतात.

कॅपचा प्रकार लिहिताना तीन नावं येतात: स्टील, कंपोझिट, अॅल्युमिनियम. भाग २ चा बूट असेल तर तिन्हींना २०० जूलच पार करावे लागतात, म्हणून ‘स्टील म्हणजे जास्त मजबूत’ असं लिहिणं चूक आहे. फरक वेगळा आहे. स्टील स्वस्त पडतं आणि पातळ असूनही काम करतं. कंपोझिट हलकं, पण तेवढीच ताकद मिळवायला जाड करावं लागतं, म्हणून पुढचा भाग थोडा फुगीर दिसतो. ते मेटल डिटेक्टरमध्ये वाजत नाही आणि ऊन-थंडी लवकर आत नेत नाही.

हातातली कॅप कोणती हे ओळखायला लोहचुंबक पुरतं. पुढं चिकटलं तर स्टील. नाही चिकटलं तर कंपोझिट असेल किंवा अॅल्युमिनियमही असेल, तेव्हा कागद बघा. मग तोच चुंबक आत तळव्यावर लावा. पुढं कंपोझिट आणि तळव्यात स्टीलची प्लेट असे बूट बाजारात भरपूर आहेत. अशा बुटाला ‘कंपोझिट टो’ लिहा, ‘मेटल फ्री’ लिहू नका. गेटवर डिटेक्टर असलेल्या कारखान्यात तो वाजणार आणि परत येणार.

आणि इथंच एक सगळ्यात जुना घोळ आहे. फोनवर प्रश्न येतो, “भाऊ, आयएसआय टो आहे ना?” स्टीलच्या टो कॅपचं स्वतःचं वेगळं मानक आहे, आयएस ५८५२. कॅप त्या मानकाची असू शकते आणि बूट कुठल्याच लायसन्सखाली नसू शकतो. ‘आयएसआय टो’ असं लिहिलं की वाचणारा अख्खा बूट आयएसआयचा समजतो. तुमच्या लिस्टिंगमध्ये हे दोन शब्द एकत्र येऊच देऊ नका. बुटाचं मानक बुटाच्या नावानं लिहा.

टो कॅप फक्त बोटं वाचवते, हेही स्पष्ट लिहायला हवं. पायाच्या वरच्या भागाला, म्हणजे बोटांच्या मागच्या हाडांना, वेगळं संरक्षण लागतं आणि तसा बूट M अक्षरानं ओळखतात. जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये सळयांचा गठ्ठा घसरला तर तो बोटांवरच पडेल असं नाही. लेबलवर M नसेल तर त्याबद्दल एक शब्दही दावा करायचा नाही.

सोल: इथं सावकाश चला

लिस्टिंगमधला सगळ्यात जास्त चुकणारा शब्द म्हणजे ‘ऑइल रेझिस्टंट’. वाचणारा समजतो की तेलावर घसरणार नाही. अर्थ तसा नाही.

तेलरोधक सोल म्हणजे तेल-इंधन लागून सोल फुगणार नाही, मऊ पडणार नाही, लवकर चिरणार नाही. चाचणीत सोलचा तुकडा ठरलेल्या इंधनासारख्या द्रवात २२ तास बुडवून ठेवतात आणि त्याचं आकारमान १२ टक्क्यांपेक्षा जास्त वाढलं नाही ना ते बघतात. त्यात कुणी चालत नाही, घर्षण मोजत नाही. या गुणाची खूण FO. SRA असलेल्या आपल्या बुटासारख्या लेबलवर तो S1 या वर्गातच धरलेला असतो, म्हणून FO वेगळं छापलेलं दिसत नाही.

घसरण वेगळी चाचणी. बूट ठरलेल्या वजनानं फरशीवर दाबून सरकवतात आणि घर्षण मोजतात. SRA म्हणजे सिरॅमिक टाइलवर साबणासारखं पाणी ओतून घेतलेली चाचणी. SRB म्हणजे स्टीलच्या पत्र्यावर ग्लिसरीन टाकून घेतलेली. SRC म्हणजे दोन्ही पास. आता आपला बूट SRA चा आहे. ओल्या टाइलवर तो तपासला गेलाय, पण चिकट द्रव लागलेल्या लोखंडी पत्र्यावर तपासल्याचा कागद नाही.

समजा वाळूजमधल्या एका प्रेस शॉपची चौकशी आली. तिथं मशीनभोवती चेकर्ड प्लेट आहे आणि कूलंट, हायड्रॉलिक ऑइल सांडतं. त्यांना हा बूट ‘ऑइल रेझिस्टंट, स्लिप रेझिस्टंट’ म्हणून दिला तर दोन्ही शब्द वेगवेगळे पाहिले तर खरे आहेत, तरी त्या जागेसाठी मिळून खोटे ठरतात. सोल फुगणार नाही हे खरं. माणूस घसरणार नाही याचा पुरावा नाही. या चौकशीला SRC चा बूट दाखवायचा, आणि तोही ‘तेलावर घसरत नाही’ असं न म्हणता, कोणत्या दोन पृष्ठभागांवर तपासलाय ते सांगून. कारण SRB मध्ये उत्तीर्ण व्हायला लागणारा घर्षणाचा आकडा लहान आहे: सपाट सरकवताना ०.१८, टाचेवर ०.१३. टाइलवर तो अनुक्रमे ०.३२ आणि ०.२८ लागतो. म्हणजे SRC चा बूटही तेलकट लोखंडावर घसरतो, फक्त कमी. फरशी पुसणं हा कारखान्याचा भाग, तो बूट भरून काढत नाही.

एक बदल ध्यानात ठेवा. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ २०३४५ च्या २०२१ च्या आवृत्तीत SRA, SRB, SRC या खुणा काढल्या आणि त्याऐवजी रचना बदलून SR ही एक खूण आली. काही बुटांवर आता SR दिसेल. त्याचं स्वतःहून SRC करू नका आणि उलटंही नाही. छापलंय तेच लिहा.

सोलच्या मटेरियलबद्दल बोलू. सिंगल डेन्सिटी पीयू म्हणजे एकच थर, हलका आणि स्वस्त. डबल डेन्सिटीत पायाकडचा थर मऊ आणि जमिनीकडचा टणक असतो, म्हणून दिवसभर उभं राहणाऱ्याला तो बरा पडतो. दोन्ही पीयूच. आणि पीयूला उष्णता मानवत नाही. गरम बिलेट, स्लॅग, भट्टीसमोरची तापलेली प्लेट, अशा जागी लागतो तो नायट्राइल रबरचा सोल, HRO खुणेचा. या खुणेची चाचणी म्हणजे ३०० अंश सेल्सिअसच्या तापलेल्या पृष्ठभागाला एक मिनिट टेकवणं. सोल वितळता किंवा चिरता कामा नये. HRO फक्त सोलबद्दल बोलतं. वरून उडणाऱ्या ठिणग्या किंवा वितळलेला धातू यांचा त्यात काही संबंध नाही. आपल्या पीयू बुटाच्या लेबलवर HRO नाही, म्हणून लिस्टिंगमध्ये सरळ लिहायचं: ‘गरम पृष्ठभागावर वापरण्यासाठी नाही’. जालन्याच्या स्टील युनिटमधून फोन आला तर हे एक वाक्य तुमचाही आणि त्यांचाही वेळ वाचवतं.

खिळा-चुऱ्याचंही असंच. तळव्यात प्लेट किंवा विणलेला थर असून बूट भेदरोधक असेल तर P खूण येते, S1 चं S1P होतं. आपल्या बुटावर नुसतं S1 आहे. मशीन शॉपमध्ये लोखंडाचे बारीक वळे, भंगार यार्डात पत्र्याचे तुकडे असतात, तिथं S1 देऊ नका. ‘जाड सोल आहे, काही होत नाही’ हे विक्रेत्याचं वाक्य आहे, मानकाचं नाही.

S1 मध्ये आणखी दोन गोष्टी येतात: टाचेत आघात शोषण आणि अँटिस्टॅटिक. अँटिस्टॅटिक म्हणजे काय ते बघा. बूट अंगातला स्थिर विद्युतभार जमिनीत सोडतो, त्यासाठी त्याचा विद्युतरोध १०० किलोओहम ते १००० मेगाओहम या पट्ट्यात असतो. म्हणजे तो वीज थोडी जाऊ देण्यासाठीच बनवलाय. त्याला ‘शॉक प्रूफ’ लिहिणं हे या संपूर्ण व्यवसायातलं सगळ्यात धोकादायक वाक्य आहे असं मी मानतो. इलेक्ट्रिशियनला लागतो तो इन्सुलेटिंग बूट, त्याचं मानक आणि व्होल्टेजचा वर्ग दोन्ही वेगळे. लिस्टिंगमध्ये ‘अँटिस्टॅटिक, विजेच्या धक्क्यापासून संरक्षण देत नाही’ असं एकाच ओळीत, शेजारी शेजारी लिहा.

साइज

आपल्याकडं बुटावर बहुतेक यूके साइज असते आणि शेजारी युरोपियन. यूकेची एक साइज म्हणजे ८.४६ मिलिमीटर, युरोपियनची ६.६७. दोन्ही पायऱ्या सारख्या नाहीत, म्हणून कोष्टक कुठंतरी अर्ध्या साइजनं सरकतंच आणि कंपनीगणिक बदलतं. ८ म्हणजे ४२ बहुतेक ठिकाणी जुळेल. ६ कुठं ३९ तर कुठं ४० दिसेल. म्हणून इंटरनेटवरचं कोष्टक चिकटवू नका, त्याच उत्पादकाचं वापरा, आणि शक्य असेल तर प्रत्येक साइजपुढं पायाची लांबी मिलिमीटरमध्ये द्या. परचेसवाला मग कामगारांना कागदावर उभं करून टाच ते सर्वात लांब बोट मोजू शकतो. मोजताना कामाचे मोजे घालून, दोन्ही पाय, आणि शक्यतो शिफ्ट संपताना, कारण दिवसभर उभं राहिल्यावर पाय सुजतो. मोठा पाय धरायचा.

साध्या बुटात लेदर सैल पडतं, तसं टो कॅपमध्ये होत नाही. कॅप आहे तेवढीच राहते. पहिल्या दिवशी करंगळी घासत असेल तर तिसऱ्या महिन्यातही घासणार. त्यामुळं ‘साइज ५ ते ११ उपलब्ध’ एवढ्यावर थांबू नका. अर्धी साइज आहे की नाही ते लिहा. रुंद पायासाठी वेगळा फिटिंग आहे की नाही ते लिहा. नसेल तर ‘रुंद पाय असल्यास ट्रायल घ्या’ एवढं तरी. महिला कामगारांसाठी ३ आणि ४ लागतात, आणि आपला बूट ५ पासून सुरू होतो. म्हणून याला ‘युनिसेक्स’ म्हणायचं नाही. इलेक्ट्रॉनिक्स, औषध आणि पॅकिंगच्या युनिटमध्ये महिला भरपूर असतात आणि साइज नाही म्हणून त्यांना मोठा बूट देऊन आत कागद कोंबायला लावणं घडतं. टाच हलत राहणारा बूट घसरण वाढवतो.

ऑर्डरच्या वेळी साइजप्रमाणं संख्या मागा. १२० जोड्यांची ऑर्डर ‘मिक्स साइज’ म्हणून आली तर माल पाठवू नका. आधी प्रत्येक साइजची एक जोडी ट्रायल सेट म्हणून पाठवा, दोन दिवसांत यादी घ्या, मग माल काढा. जास्त उठाव ७, ८, ९ चा असतो, पण शेवटच्या ५ आणि ११ च्या चार-चार जोड्यांवरूनच बिल अडकतं.

मानकाचे शब्द: काय लिहावं, काय टाळावं

केंद्र सरकारच्या क्वालिटी कंट्रोल ऑर्डरमुळं सेफ्टी फूटवेअरला बीआयएसचं लायसन्स आणि आयएसआय मार्क आवश्यक झाला आहे. लायसन्स उत्पादकाला, त्याच्या ठरावीक कारखान्यासाठी आणि ठरावीक मानकासाठी मिळतं. विक्रेत्याला ते मिळत नाही. म्हणून ‘आम्ही आयएसआय प्रमाणित आहोत’ हे वाक्य दुकानाच्या तोंडी चुकीचं आहे. स्वतःच्या नावानं बूट बनवून घेणार असाल, तर तुमचा ब्रँड त्या उत्पादकाच्या लायसन्समध्ये नोंदलेला आहे का ते आधी बघा.

नंबर तपासायला मोबाइलवर BIS Care नावाचं अॅप आहे. त्यात लायसन्स तपासण्याच्या ठिकाणी CM/L नंतरचे आकडे टाका. तीन गोष्टी बघा: लायसन्स चालू आहे का, उत्पादकाचं नाव लेबलवरच्या नावाशी जुळतं का, आणि मानक तेच आहे का. नंबर खरा असतो पण तो दुसऱ्याच वस्तूचा असतो, हे होतं. लायसन्स असूनही त्यात तुमचा प्रकार, म्हणजे S1 किंवा S3, समाविष्ट आहे का हे उत्पादकाकडून लायसन्सची प्रत मागवून बघा.

आता शब्द. ‘आयएसओ सर्टिफाइड’ लिहू नका. बऱ्याचदा ते कारखान्याचं आयएसओ ९००१ असतं, म्हणजे कामाच्या पद्धतीचं प्रमाणपत्र. त्याचा बुटाच्या टो कॅपशी संबंध नाही. ‘आयएसओ २०३४५ नुसार’ असं लिहायचं तर त्या आर्टिकलचा टेस्ट रिपोर्ट हवा आणि रिपोर्टवरचा आर्टिकल नंबर बुटाशी जुळायला हवा. ‘सीई’ असेल तर तो युरोपच्या बाजारासाठीचा मार्क आहे, भारतातल्या आयएसआयची जागा घेत नाही. ‘च्या धर्तीवर’, ‘दर्जाचा’, ‘समकक्ष’ हे शब्द मानकाच्या नंबराशेजारी आले की समजा, लपवण्यासारखं काहीतरी आहे. आणि ‘प्रूफ’ हा शब्द, वॉटर असो, अॅसिड असो, फायर असो, पूर्ण काढून टाका. पाण्याबाबत S2 किंवा S3 असेल तर ‘वरच्या लेदरमधून पाणी झिरपण्यास विरोध’ असं लिहिता येतं. S1 ला तेही नाही. साखर कारखान्यात जिथं दिवसभर पाण्यात उभं राहायचं तिथं लेदरचा बूट नको, गमबूट लागतो. खाणीचं काम असेल तर ती वेगळीच मान्यता आहे, या बुटाच्या भरवशावर ती ऑर्डर घेऊ नका.

तयार लिस्टिंग

एवढं सगळं बघून आपल्या बुटाचा मजकूर असा होतो:

सेफ्टी शूज, लो अँकल, लेस, काळा. वरचा भाग बार्टन प्रिंट लेदर.

मानक: आयएस १५२९८ भाग २, S1 SRA, आयएसआय मार्कसह. लायसन्स नंबर आणि मानकाचं वर्ष लेबलच्या फोटोत दिलं आहे.

टो कॅप: स्टील, २०० जूल आघात व १५ किलोन्यूटन दाब. फक्त बोटांसाठी. जोराचा मार बसल्यावर जोडी बदलावी.

सोल: डबल डेन्सिटी पीयू. तेल-इंधनानं फुगण्यास विरोध. घसरणरोध चाचणी साबणपाणी लावलेल्या सिरॅमिक टाइलवर. तेलकट स्टीलवर चाचणी नाही. टाचेत आघात शोषण. अँटिस्टॅटिक, विजेच्या धक्क्यापासून संरक्षण देत नाही. तळव्यात भेदरोधक थर नाही. गरम पृष्ठभागासाठी नाही.

साइज: यूके ५ ते ११, पूर्ण साइज. पायाच्या लांबीचं कोष्टक सोबत. ट्रायल सेट मिळेल.

योग्य जागा: असेंब्ली, गोदाम, पॅकिंग, टाइल किंवा काँक्रीटची कोरडी-ओली फरशी.

‘नाही’ हा शब्द इतक्यांदा आला म्हणून विक्री कमी होईल असं नवीन माणसाला वाटतं. परचेसवाल्याच्या जागी बसून वाचा. त्याच्याकडं पाच कोटेशन आहेत, चार ठिकाणी सगळं ‘प्रूफ’ आहे, आणि एकाच ठिकाणी त्याला कळतंय की हा बूट गोदामात चालेल, प्रेस शॉपमध्ये नाही. तो प्रेस शॉपसाठी वेगळा बूट तुमच्याकडंच मागतो.

माल आल्यावरचं काम

लिस्टिंग एकदा लिहून सोडता येत नाही, कारण पीयूला वय असतं. ओलावा आणि उष्णता मिळून पीयू आतून कमजोर करतात, आणि न वापरलेला बूटही काही वर्षांनी घातल्या घातल्या सोल तुकड्या-तुकड्यांनी सोडतो. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या गोदामात जे तापमान होतं ते आणि त्यानंतरचा पावसाळा, दोन्ही त्याला वाईट. म्हणून पत्र्याखालच्या सर्वात वरच्या रॅकवर बूट ठेवू नका, जमिनीलाही टेकवू नका, आणि लेबलवरचा उत्पादनाचा महिना बघून जुना माल आधी काढा. बूट हातात घेऊन सोल अंगठ्यानं दाबा आणि पुढचा भाग वाकवून बघा. बारीक भेगा दिसल्या किंवा सोल चिकट-भुसभुशीत लागला तर ती जोडी विकायची नाही, सवलतीतही नाही. लिस्टिंगमध्ये उत्पादनाचा महिना-वर्ष लिहिण्याची सवय लावली तर जुना माल तुमच्या स्वतःच्याच डोळ्यांसमोर राहतो.

आणि प्रत्येक नवी लॉट आली की एक कार्टन उघडून लेबलचा नवा फोटो काढा. आर्टिकल नंबर तोच ठेवून उत्पादक सोलचा पुरवठादार बदलतो, कधी SRC चं SRA होतं, कधी लायसन्सची मुदत मधेच संपलेली असते. जुन्या फोटोवर नवा माल पाठवला की गेटवरचा माणूस दोन्ही शेजारी धरून दाखवतो. अॅपमध्ये नंबर पुन्हा टाकायचा, लिस्टिंगमधली मानकाची ओळ नव्या लेबलशी अक्षरशः जुळवायची, काही बदललं असेल तर ज्यांची पीओ अजून उघडी आहे त्यांना माल निघण्याआधी कळवायचं.